देखरेख म्हणजे नेमके किती दिवस?

मोठी दुरुस्ती काढणाऱ्या सोसायटीत दोन कागद तयार होतात. एक कंत्राटदाराशी केलेला करार. तो शंभरेक पानांचा असतो, त्यात सिमेंटच्या ब्रँडपासून परांचीच्या बांबूपर्यंत सगळे लिहिलेले असते. दुसरा कागद सल्लागाराच्या नेमणुकीचा. तो बहुधा लेटरहेडवरचा दीड पानांचा असतो. वास्तविक इमारत तपासणे, अंदाजपत्रक काढणे, टेंडर तयार करणे, कंत्राटदाराच्या कामावर लक्ष ठेवणे आणि त्याच्या प्रत्येक बिलावर ‘द्यायला हरकत नाही’ अशी सही करणे, हे सगळे या दुसऱ्या माणसाच्या हाती असते. सोसायटीचा कोटभर रुपया त्याच्या सहीने बाहेर पडतो, आणि त्याने नेमके काय करायचे हे मात्र दीड पानात उरकलेले असते.

महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करून घ्यायचे असते. त्यामुळे आज ना उद्या हा सल्लागार प्रत्येक सोसायटीत येतोच. त्याला कोणी पीएमसी म्हणते, कोणी स्ट्रक्चरल कन्सल्टंट, कोणी नुसतेच ‘इंजिनिअरसाहेब’. त्याच्या कामाचा जो तपशीलवार कागद असतो त्याला व्यवहारात ‘स्कोप ऑफ वर्क’ म्हणतात. कॉर्पोरेट जगात ‘स्टेटमेंट ऑफ वर्क’. नाव काहीही असो, तो कागद कोणासाठी लिहायचा हे आधी ठरवावे लागते. माझ्या मते तो आजच्या कमिटीसाठी लिहायचाच नाही. आजच्या कमिटीला सगळे तोंडपाठ असते. साहेब कोणत्या रविवारी काय म्हणाले होते, हे सेक्रेटरींना आठवत असते. भांडण उभे राहते तेव्हा ते सेक्रेटरी पुण्याला मुलाकडे राहायला गेलेले असतात, कमिटीची पाच वर्षांची मुदत संपलेली असते, आणि बोलण्याच्या वेळी हजर नसलेले लोक तो कागद हातात घेऊन अर्थ लावत बसतात. त्या लोकांसाठी तो लिहायचा.

उदाहरणासाठी ठाण्यातली एक सोसायटी डोळ्यांसमोर आणू. आकडे समजुतीपुरते आहेत, पण घडते ते असेच. 1993 ची इमारत, तीन विंग, स्टिल्ट अधिक सात मजले, 84 फ्लॅट. स्टिल्टमधल्या कॉलमांचे काँक्रीट फुगून सुटले आहे, सळया गंजलेल्या दिसतात, वरच्या मजल्यावर गळती आहे. एका सल्लागाराचे पत्र आले आहे: ‘इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करणे, अंदाजपत्रक व टेंडर तयार करणे, कामावर नियमित देखरेख करणे, बिले तपासणे इत्यादी. मोबदला प्रत्यक्ष दुरुस्ती खर्चाच्या 3 टक्के अधिक जीएसटी.’ अंदाजे खर्च 1 कोटी 20 लाख, म्हणजे फी 3 लाख 60 हजार. कमिटीला आकडा परवडणारा वाटतो आणि सही होते.

पहिली अडचण फीच्याच वाक्यात आहे. दुरुस्तीचे काम असे असते की प्लास्टर फोडल्याशिवाय आत किती खराब आहे ते कळत नाही. काम संपेपर्यंत खर्च 1 कोटी 75 लाखांवर गेला, तर फी आपोआप 5 लाख 25 हजार होते. वाढलेले मोजमाप तपासून मान्य करणारा माणूस तोच, आणि ते मान्य केल्याने ज्याची फी वाढते तोही तोच. सल्लागार सचोटीचा असला तरी ही रचना त्याच्यावर अन्याय करते, कारण सभेत कोणी ना कोणी संशय घेणारच आणि त्याला उत्तर देण्यासारखे त्याच्याजवळ काही नसणार. म्हणून टक्केवारी काढून टाकावी आणि फी टप्प्यांत बांधून घ्यावी. आपल्या उदाहरणात ऑडिट व अहवालाचे 1 लाख 20 हजार, अंदाजपत्रक व टेंडरचे 80 हजार, देखरेखीचे आठ महिन्यांचे दरमहा 30 हजारप्रमाणे 2 लाख 40 हजार आणि समारोपाच्या कागदपत्रांचे 40 हजार. एकूण 4 लाख 80 हजार. सुरुवातीला हा आकडा टक्केवारीपेक्षा जास्त दिसतो, पण कंत्राटदाराचे बिल फुगले म्हणून तो फुगत नाही.

आता प्रत्येक टप्प्यावर सोसायटीच्या हातात काय पडणार ते लिहायचे. इथे नियम एवढाच की क्रियापदापाशी थांबायचे नाही. ‘ऑडिट करणे’ हे काम झाले. त्यातून काय मिळणार? ‘एनडीटी चाचण्यांसह अहवाल’ असे बहुतेक पत्रांत असते. या चाचण्यांत रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कणखरपणा दाखवतो, अल्ट्रासॉनिक चाचणी आतल्या पोकळ्या आणि भेगांचा अंदाज देते, हाफसेल चाचणी सळईला गंज चढत असण्याची शक्यता सांगते. पण तीन विंगच्या इमारतीत सहा ठिकाणी हॅमर मारला तरी ‘एनडीटीसह’ हे शब्द खरेच ठरतात आणि साठ ठिकाणी मारला तरीही. शिवाय जुन्या इमारतीत एकटा हॅमर फसवू शकतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेट झाला की तो कठीण होतो आणि हॅमरचे वाचन प्रत्यक्षापेक्षा चांगले येते, पण त्याच थरामुळे सळईचे गंजापासूनचे संरक्षण गेलेले असते. फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारले की शाबूत काँक्रीट गुलाबी होते आणि कार्बोनेट झालेले रंग घेत नाही. ही साधी चाचणी सोबत असेल तरच हॅमरच्या आकड्याला अर्थ. म्हणून वाक्य असे हवे: ‘प्रत्येक विंगमध्ये कोणत्या चाचण्या, किमान किती जागी, त्यातल्या किती स्टिल्टच्या कॉलमांवर, प्रयोगशाळेचा खर्च कोणाचा.’ शेवटचे तीन शब्द विसरले तर पहिले भांडण महिन्याभरातच होते, कारण चाचण्यांचे बिल प्रयोगशाळा वेगळे पाठवते.

अहवालाचेही तसेच. दोनशे फोटोंचा जाडजूड अहवाल येतो आणि कोणत्या फोटोतला बीम कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा लिहावे की प्रत्येक कॉलमला नकाशावर क्रमांक असेल, प्रत्येक फोटोखाली विंग, मजला आणि तो क्रमांक असेल, आणि अंदाजपत्रकातले प्रत्येक परिमाण कोणत्या मोजणीवरून आले हे दाखवणारे तक्ते सोबत असतील. या तक्त्यांसाठी आग्रह धराच. ‘पॉलिमर मॉर्टर 4,000 चौरस फूट’ हा आकडा हातोडीने ठोकून, पोकळ आवाज येणाऱ्या जागा मोजून आला की मागच्या एखाद्या इमारतीच्या अनुभवावरून टाकला, हे तक्त्यावरून कळते. पुढे तोच आकडा 6,800 झाला, तर वाढ नेमकी कोणत्या कॉलमांत आली हे सांगण्याचा तो एकमेव आधार असतो.

सगळ्यात अवघड शब्द ‘देखरेख’. अहवाल ही वस्तू आहे, ती हातात येते. देखरेख ही वस्तू नाही. सल्लागाराच्या मनात ती आठवड्यातून एक फेरी असते आणि सभासदांच्या मनात सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कोणीतरी उभे असणे. दोघेही प्रामाणिक असतात. ‘नियमित’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘वेळोवेळी’ या शब्दांनी हा फरक झाकला जातो आणि सहा महिन्यांनी तो उघडा पडतो. म्हणून भेटींची संख्या लिहावी: काम चालू असताना आठवड्यातून किमान तीन भेटी, प्रत्येक किमान दोन तासांची, साइटच्या कामाचा अनुभव असलेल्या पदवी किंवा पदविकाधारक इंजिनिअरची, आणि महिन्यातून एकदा स्वतः सल्लागाराची.

पण नुसत्या भेटी मोजूनही भागत नाही, कारण दुरुस्तीतला दोष ज्या क्षणी दिसतो तो क्षण फार छोटा असतो. एक कॉलम घ्या. सैल काँक्रीट फोडून सळई पूर्ण मोकळी करायची, तिच्या मागेही बोट जाईल एवढी. गंज घासून काढायचा, सळईचा उरलेला व्यास मोजायचा, फारच बारीक झाली असेल तर जोडसळई द्यायची. मग गंजरोधक थर, मग जुन्या-नव्याला सांधणारा बाँड कोट, आणि तो ओलसर आहे तोवर पॉलिमर मॉर्टर किंवा फॉर्मा लावून मायक्रोकाँक्रीट. गंज न काढता वरून थर दिला तरी बाहेरून कॉलम तितकाच सुबक दिसतो. दोन-तीन पावसाळ्यांनी तिथेच पुन्हा भेग पडते, आणि तोवर कोणाची चूक हे सिद्ध करण्याची सोय उरलेली नसते.

म्हणून देखरेखीचे कलम ‘झाकले जाण्याआधीची तपासणी’ या कल्पनेवर उभे करावे. प्रत्येक कॉलम आणि बीमसाठी तीन थांबे: फोडकाम झाल्यावर सळई उघडी असताना, गंजरोधक थर आणि जोडसळईनंतर, आणि फॉर्मा बंद करण्याआधी. प्रत्येक थांब्यावर एक चिठ्ठी, तिच्यावर कॉलमचा क्रमांक, तारीख, वेळ, मोजमाप, फोटो आणि सल्लागाराच्या इंजिनिअरची सही. कंत्राटदाराने एक दिवस आधी कळवायचे, इंजिनिअरने ठरल्या वेळी यायचे, आणि तिन्ही सह्या नसलेल्या कॉलमचे पैसे सल्लागाराने बिलात मंजूर करायचे नाहीत. हेच कलम कंत्राटदाराच्या करारातही शब्दशः हवे, नाहीतर कंत्राटदार म्हणेल, ‘मला कोणी थांबायला सांगितले नव्हते.’ आता देखरेख ही मोजता येणारी गोष्ट झाली. वर्षभरानंतर नवी कमिटी फाइल उघडून बघू शकते की ‘बी’ विंगच्या सातव्या क्रमांकाच्या कॉलमच्या तीन चिठ्ठ्या आहेत की नाहीत.

देखरेखीतच आणखी एक गोष्ट घालावी, ती फार थोड्या करारांत आढळते. टेंडरमधल्या कोणत्याही बाबीचे काम अंदाजित परिमाणाच्या 80 टक्क्यांवर पोहोचले की सल्लागाराने सात दिवसांत लेखी कळवायचे: किती झाले, किती उरले, एकूण कुठवर जाईल, कारण काय. मॉर्टरचे 4,000 चौरस फूट धरले असतील तर 3,200 वर ही घंटा वाजते. तेव्हा सोसायटीसमोर पर्याय असतात, सभा बोलावता येते, रंगकाम पुढे ढकलता येते. 6,800 झाल्यावर समजले तर सभेत फक्त आवाज चढतो.

यानंतरचा भाग गृहीतकांचा. सल्लागार फी सांगतो तेव्हा त्याच्या डोक्यात काही गोष्टी धरलेल्या असतात. जुने आरसीसी नकाशे मिळतील, फ्लॅट आतून बघायला मिळतील, काम आठ महिन्यांत संपेल, महापालिकेचे काही कागद लागले तर ते सोसायटी बघेल. यातले काहीच कागदावर नसते. आणि जेव्हा असते तेव्हा ते पळवाटेसारखे असते: ‘हा अहवाल केवळ दृश्य पाहणीवर आधारित आहे.’ चाचण्यांचे पैसे घेतल्यावर हे वाक्य चालवून घेऊ नये. जिथे चाचणी झाली नाही आणि जिथे पोहोचता आले नाही, त्या जागांपुरतेच ते मर्यादित करून घ्यावे, आणि त्या जागांची यादी मागावी.

गृहीतक नीट लिहिले आहे की नाही हे ओळखायची खूण अशी: ते खोटे ठरले तर काय होईल, हे त्याच्या शेजारीच लिहिलेले असते. फ्लॅटच्या आतल्या पाहणीचे बघा. 84 फ्लॅटपैकी ठरल्या दिवशी 84 दारे कधीच उघडत नाहीत. कोणी परदेशी, कोणाचा फ्लॅट भाड्याने, कोणाचे कमिटीशी पटत नाही. समजा 11 फ्लॅट राहिले. सल्लागार म्हणतो, पुन्हा यायचे तर वेगळे पैसे. कमिटी म्हणते, ऑडिट संपूर्ण इमारतीचे ठरले आहे. लिहायला हवे होते ते असे: ‘सोसायटी प्रत्येक विंगसाठी दोन दिवस ठरवून सात दिवस आधी नोटीस लावेल. त्या दोन दिवसांत उघडलेले सर्व फ्लॅट पाहिले जातील. राहिलेल्यांसाठी एक सामाईक फेरी फीमध्ये धरली आहे. त्यानंतरची प्रत्येक अर्ध्या दिवसाची फेरी 4,000 रुपये. तरीही न पाहिलेले फ्लॅट अहवालात “न तपासलेले” म्हणून क्रमांकासह दाखवले जातील.’ चार ओळी आहेत. नोटीस कोणी लावायची, फेऱ्या किती, पैसे किती आणि अहवालात काय दिसणार, हे चारही प्रश्न त्यात मिटतात.

महाराष्ट्रात या कामातले सर्वांत महागडे गृहीतक पावसाळ्याचे असते. आपल्या सोसायटीने 1 ऑक्टोबरला काम सुरू करून 31 मेपर्यंत बाहेरचे काम उरकायचे ठरवले होते, म्हणून देखरेखीचे महिने आठ. प्रत्यक्षात सभासदांची वर्गणी जमायला वेळ लागला आणि परांची चढली 1 डिसेंबरला. मेअखेर सहा महिने झाले. जून ते सप्टेंबर बाहेरचे काम बंद. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरलेले झाले. कॅलेंडरवर बारा महिने लोटले. करारात फक्त ‘आठ महिने, दरमहा 30 हजार’ असे असेल तर सल्लागार आठ महिन्यांनंतरच्या चार महिन्यांचे 1 लाख 20 हजार मागतो, कारण तो बांधलेला राहिला. सोसायटी म्हणते काम तर आठच महिने चालले, एक पैसाही जास्त नाही. दोघांचेही म्हणणे खोटे नाही, म्हणूनच हे भांडण सुटत नाही.

तोडगा एका व्याख्येत आहे. देखरेखीचा महिना म्हणजे ज्यात साइटवर काम चालू होते तो महिना. काम थांबलेल्या महिन्यात सल्लागाराने एकच फेरी मारायची, टेकू, परांची आणि उघड्या सळया सुरक्षित आहेत का ते बघून एक पानाचे पत्र द्यायचे, त्याचे 6,000 रुपये. या हिशेबाने आपल्या सोसायटीला कामाचे आठ महिने ठरलेल्या फीत पडतात आणि थांबलेल्या चार महिन्यांचे 24 हजार वर द्यावे लागतात. सल्लागाराला त्याच्या बांधिलकीचे काहीतरी मिळते, सोसायटीला बंद साइटचे पूर्ण पैसे मोजावे लागत नाहीत. आठ कामाचे महिनेही पुरले नाहीत तर पहिला जादा महिना विनामूल्य, पुढचे ठरल्या दराने. मात्र उशीर सल्लागारामुळे झाला असेल, म्हणजे बिल तपासायला सात दिवस ठरलेले असताना त्याने महिना लावला असेल आणि त्यामुळे कंत्राटदाराने माणसे काढून घेतली असतील, तर त्या महिन्याचे काही नाही. कंत्राटदारामुळे झाला असेल तर सल्लागाराला पैसे द्यायचे आणि ते कंत्राटदाराच्या उशिराच्या कपातीतून वसूल करायचे. पण तशी तरतूद त्याच्या करारात आधीपासून हवी.

आता स्वीकृती, म्हणजे दिलेले काम सोसायटीने मान्य केले हे कधी आणि कसे ठरायचे. ‘सोसायटीच्या समाधानाप्रमाणे’ हे शब्द कमिटीला फार आवडतात, कारण त्यात आपला वरचष्मा वाटतो. व्यवहारात ते सोसायटीच्याच अंगावर येतात. 84 कुटुंबांचे समाधान कोणाच्या सहीने सिद्ध होणार? एकाने ‘छान’ म्हटले आणि दुसऱ्याने महिन्याने खोट काढली, तर मान्य झाले की नाही? म्हणून मान्य करणारी माणसे नावाने नव्हे तर पदाने लिहावीत: सेक्रेटरी आणि दुरुस्ती उपसमितीचे दोन सदस्य. अहवाल मिळाल्यापासून दहा दिवसांत त्यांनी सर्व हरकती एकाच पत्रात द्याव्यात. सल्लागाराने सात दिवसांत दुरुस्त करून द्यावे. दुसऱ्या वाचनात फक्त आधीच्या हरकती मिटल्या का एवढेच बघायचे. नवे मुद्दे काढायचे असतील तर ते वेगळे काम. हा शेवटचा भाग सल्लागाराच्या बाजूचा आहे आणि तो रास्त आहे. दर आठवड्याला एकेक सभासदाची सूचना घेऊन अहवाल पाच वेळा बदलून मागणाऱ्या सोसायट्या असतात, आणि चांगला सल्लागार अशा ठिकाणाहून लवकर निघून जातो.

हरकत कशावर घ्यायची हेही आधीच ठरलेले असावे. प्रत्येक कॉलमला क्रमांक आहे का, चाचण्यांची संख्या पूर्ण आहे का, परिमाणांचे तक्ते जोडले आहेत का, न तपासलेल्या जागांची यादी आहे का. हे प्रश्न इंजिनिअर नसलेला माणूसही विचारू शकतो. निष्कर्ष बरोबर आहे का, हे तो ठरवू शकत नाही आणि त्याच्यावर ती जबाबदारी टाकूही नये. म्हणून एक वाक्य जरूर घालावे: सोसायटीची स्वीकृती म्हणजे कागद पूर्ण मिळाल्याची पोच; तांत्रिक निष्कर्षांची आणि गणिताची जबाबदारी त्यानंतरही सल्लागाराचीच राहील.

गप्प बसणे इथे धोक्याचे आहे. अनेक सल्लागारांनी सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेली असते. त्यांना 2006 चा एमएसएमईडी कायदा लागू होतो. त्यात म्हटले आहे की सेवा दिल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ती स्वीकारली असे धरले जाईल. पैसे देण्याची मुदत लेखी ठरवली तरी ती स्वीकृतीपासून 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. ‘एजीएममध्ये बघू’ म्हणून अहवाल तीन महिने कपाटात ठेवणाऱ्या कमिटीला हे सहसा ठाऊक नसते. वर दहा दिवस लिहिले ते याच हिशेबाने.

शेवटचा भाग बदलांचा, आणि त्याची सुरुवात बहुतेकदा व्हॉट्सअ‍ॅपवर होते. चेअरमन संध्याकाळी लिहितात, ‘सर, परांची आहेच तर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पण बघून घ्या.’ सर ‘ओके’ लिहितात. त्यांचा माणूस गच्ची मोजतो, तपशील बनवतो, टेंडरला पुरवणी जोडतो, दोन महिने तिकडेही लक्ष देतो. शेवटच्या बिलात ‘गच्चीचे अतिरिक्त काम, 60 हजार’ अशी ओळ येते. खजिनदार म्हणतात, ठराव नाही, पत्र नाही, पैसे नाहीत.

इथे खजिनदारांना वाटते तितकी त्यांची बाजू भक्कम नसते. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 70 सांगते की एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यायला हवा. या कलमावरचा गाजलेला निकाल पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स हा सर्वोच्च न्यायालयाचा आहे, 1962 च्या निकालसंग्रहातला. आरामबागला एका सरकारी खात्यासाठी कंत्राटदाराने कच्चा रस्ता, पहारेकऱ्याची खोली, कार्यालय अशी बांधकामे केली होती. सरकारतर्फे करार ज्या रीतीने व्हायला हवा तसा झालाच नव्हता. तरीही बांधकामे स्वीकारून वापरली गेली, म्हणून सरकारला मोबदला द्यावा लागला. थोडक्यात, कागद नाही म्हणून देणे नाही, असे होत नाही. कागद नसेल तर किती द्यायचे हे मात्र भांडून ठरते, आणि तोट्यात दोघेही जातात.

यासाठी बदलाची एक पानी चिठ्ठी पुरते. काय बदलले, कोणी सुचवले, फीत किती फरक, मुदतीत किती फरक, आणि दोन्ही बाजूंच्या सह्या. चिठ्ठ्यांना क्रमांक द्यायचे. सही होईपर्यंत सल्लागाराने ते काम सुरू करायचे नाही, आणि केले तर ते मूळ फीतच धरले जाईल असे दोघांनी आधी मान्य करायचे. कोणाची सही कुठवर चालेल हे सर्वसाधारण सभेतच ठरवून घ्यावे: समजा 25 हजारांपर्यंत सेक्रेटरी आणि खजिनदार, 1 लाखापर्यंत कमिटीचा ठराव, त्यावर सभा. मग चेअरमनांचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश ही फक्त विनंती राहते आणि सल्लागारही सरळ म्हणू शकतो, ‘चिठ्ठी पाठवतो, सही करून द्या.’

एक अपवाद ठेवावाच लागतो. प्लास्टर फोडताना एखाद्या कॉलमचे काँक्रीट चुरा होऊन पडले, सळया वाकलेल्या दिसल्या, तर सहीची वाट बघायची नाही. सल्लागाराने लगेच काम थांबवून टेकू लावायला सांगावे, वरचे फ्लॅट रिकामे करायचे असतील तर त्याच दिवशी लेखी कळवावे, आणि चिठ्ठी तीन दिवसांत मागाहून यावी. जीव आणि इमारत वाचवण्याच्या निर्णयाला पैशांच्या मंजुरीत अडकवणारे कलम कोणत्याही अनुभवी इंजिनिअरला मान्य होणार नाही, होऊही नये.

आणि काय बदल नाही तेही लिहून टाकावे. मॉर्टरचे परिमाण वाढले, हा कंत्राटदाराच्या बिलातला फरक आहे. महिने वाढले नाहीत तर सल्लागाराच्या फीत तो बदल नाही. स्वतःच्या अहवालातली चूक सुधारणे हा बदल नाही. कंत्राटदाराने बिघडवलेल्या कॉलमची पुन्हा तपासणी एकदा फीत धरलेली आहे, त्यानंतरची कंत्राटदाराच्या खर्चाने. आधीची कोटेशन, ई-मेल आणि तोंडी बोलणी या कागदापुढे टिकणार नाहीत, हेही एका ओळीत यावे. सल्लागाराच्या कोटेशनच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात वेगळ्या अटी छापलेल्या असतात आणि त्या सोबत जोडल्या की नेमके कोणते खरे, हा नवाच वाद सुरू होतो.

मसुदा तयार झाला की तो वकिलाकडे जाण्याआधी एका सभासदाला वाचायला द्यावा. असा सभासद की जो एकाही बैठकीला आलेला नाही. त्याच्या हातात फक्त तो कागद, आणि त्याने कोणालाही न विचारता उत्तरे शोधायची: सोमवारी तीन कॉलमांच्या सळया उघड्या होणार आहेत, तिथे कोण येणार आणि काय लिहून देणार? 503 क्रमांकाचा फ्लॅट बंद आहे, त्याचे काय? अहवाल पाच तारखेला आला तर सोसायटीने उत्तर कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे? जुलैमध्ये काम बंद असताना सल्लागाराला किती द्यायचे? सल्लागाराने मध्येच काम सोडले तर चिठ्ठ्या, मोजमापाचे तक्ते आणि नकाशांच्या मूळ फाइली किती दिवसांत मिळणार? ज्या प्रश्नापाशी तो मान वर करून कमिटीकडे बघेल, त्या कलमाचा मसुदा त्याच बैठकीत, सल्लागार समोर असताना, पुन्हा लिहावा.